जन्मतारखेची ओळ

जिल्हा आवृत्तीच्या क्रीडा पानावर मी बरीच वर्षे काम केले. जुलै संपत आला की टेबलावर एकाच साच्याची पत्रके येऊ लागत. पहिल्या परिच्छेदात संघटनेचे अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव आणि उद्‌घाटनाला येणारे मान्यवर. दुसऱ्यात स्पर्धेचे ठिकाण आणि दिवस. वयोगट, जन्मतारखा, कागदपत्रे आणि प्रवेशिका भरण्याची मुदत हे सगळे शेवटच्या चार ओळींत दाटीवाटीने बसवलेले. संध्याकाळी उशिरा एखादी जाहिरात येऊन पानावरची जागा कमी झाली की बातमी कापावी लागे, आणि बातमी कापायची ती खालून, हा आमच्याकडचा जुना रिवाज. महत्त्वाचे वर आणि कमी महत्त्वाचे खाली असते, असे त्यात गृहीत धरलेले असते. या पत्रकांत ते नेमके उलटे असे.

एका ऑगस्टमध्ये अशीच एक बातमी मी कापली. छापून आले ते इतकेच: जिल्हा मैदानी स्पर्धा शनिवारी आणि रविवारी जिल्हा क्रीडा संकुलात, १४, १६, १८ आणि २० वर्षांखालील मुले-मुली, खेळाडूंनी सकाळी सात वाजता हजर राहावे. शनिवारी वार्तांकनासाठी मी संकुलावर गेलो, तेव्हा नोंदणीच्या टेबलापाशी एक शेतकरी वडील आणि त्यांची मुलगी उभे होते. पहाटेच्या पहिल्या एसटीने आलेले. वडिलांच्या हातात आमच्या बातमीचे कात्रण होते. मुलीला पंधरावे वर्ष पुरे झालेले, सोळावे लागलेले. म्हणजे सोळाखालीच, असा त्यांचा साधा हिशोब. टेबलावरचे पंच जन्मदाखला पाहून म्हणाले, “हिला सोळाखाली घेता येत नाही हो. अठराखाली पळावं लागेल, आणि प्रवेशिका तर बुधवारीच बंद झाल्या.” वडिलांनी कात्रण पुढे केले. त्यात ना जन्मतारीख होती, ना शेवटची मुदत. दोन्ही ओळी मी कापल्या होत्या.

त्या दिवसापासून मैदानी स्पर्धेचे पत्रक मी वेगळ्या नजरेने वाचतो. वीस-पंचवीस ओळींचा तो कागद वाचायचा कसा आणि त्यातल्या कोणत्या ओळीवर काय अवलंबून असते, हे मुलांच्या पालकांना आणि गावोगावच्या क्रीडा शिक्षकांना नीट सांगावे, एवढ्यासाठी हा लेख.

पहिला प्रश्न असतो ही स्पर्धा कोणाची आहे, हा. आपल्या जिल्ह्यात ‘जिल्हास्तरीय मैदानी स्पर्धा’ या एकाच नावाने दोन वेगवेगळ्या स्पर्धा होतात, आणि बातमीच्या मथळ्यावरून त्या ओळखू येत नाहीत. एक शालेय स्पर्धा. ती राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या वतीने जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेते. तिचे वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. तिथे मूल शाळेचे म्हणून उतरते, प्रवेशिका शाळा भरते, आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत ते राष्ट्रीय शालेय स्पर्धेपर्यंत जाते. दुसरी स्पर्धा जिल्हा अ‍ॅथलेटिक्स संघटनेची. ही संघटना राज्य संघटनेशी आणि राज्य संघटना भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाशी जोडलेली असते. तिचे वयोगट १४, १६, १८, २० आणि काही वेळा २३ वर्षांखालील, शिवाय खुला गट. इथे मूल जिल्ह्याचे खेळाडू म्हणून उतरते, क्लबकडून किंवा स्वतंत्रपणे नाव देऊ शकते, आणि इथून निवडले गेले तर थेट राज्य स्पर्धेला जाते. महासंघाची जी राष्ट्रीय आंतरजिल्हा कनिष्ठ स्पर्धा भरते, जिथे देशभरातल्या जिल्ह्यांची मुले उतरतात, तिच्यासाठीही संघ या दुसऱ्या वाटेनेच निवडला जातो.

म्हणून पत्रकात १७ आणि १९ हे आकडे दिसले तर स्पर्धा शाळेची, १६ आणि १८ दिसले तर संघटनेची. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी निम्मा घोटाळा टळतो. दोन्हींचे हिशोब वेगळे, कागद वेगळे, प्रमाणपत्रावर सही करणारे वेगळे. एकीत भाग घेतला म्हणून दुसरीचा दरवाजा बंद होत नाही. पुष्कळ मुले दोन्हीकडे धावतात, आणि धावावेच.

आता वयाकडे येऊ. ‘सोळा वर्षांखालील’ या शब्दांना स्वतःचा असा अर्थ नाही. कोणत्या दिवशी सोळा वर्षांखाली, हे सांगितल्याशिवाय त्यांतून काहीच ठरत नाही. स्पर्धेच्या दिवशी की प्रवेशिका भरण्याच्या दिवशी, की वर्षाच्या अखेरीस? घरातले माणूस आजचे वय मोजते. संघटना तसे मोजत नाही.

शालेय स्पर्धेचा हिशोब त्यातल्या त्यात सरळ आहे. तिथे आधार धरतात तो वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षाचे उदाहरण घ्या. १४ वर्षांखालील गटासाठी जन्म १ जानेवारी २०१२ रोजी किंवा त्यानंतरचा हवा, १७ साठी १ जानेवारी २००९ रोजी किंवा त्यानंतरचा आणि १९ साठी १ जानेवारी २००७ रोजी किंवा त्यानंतरचा. स्पर्धा ऑगस्टमध्ये असो वा नोव्हेंबरमध्ये, आकडा तोच राहतो.

संघटनेच्या पत्रकात मात्र एका गटासाठी दोन तारखा असतात, ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत जन्मलेले’. या तारखा जिल्हा स्पर्धेच्या दिवसावरून काढलेल्या नसतात. ज्या वरच्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा, तिच्या दिवसावरून त्या उलट्या मोजलेल्या असतात. कारण उघड आहे. ऑगस्टमध्ये सोळाच्या आत असलेली मुलगी ऑक्टोबरच्या वरच्या स्पर्धेत सोळा पुरे करून बसली, तर जिल्ह्याने निवडलेली खेळाडू तिथल्या टेबलावरून परत येईल आणि जिल्ह्याची एक जागा वाया जाईल.

समजा, जिल्हा स्पर्धा २३ आणि २४ ऑगस्ट २०२५ ला आहे आणि वय मोजण्याचा आधारदिवस १२ ऑक्टोबर २०२५ ठरला आहे. मग १६ वर्षांखालील गट म्हणजे १३ ऑक्टोबर २००९ ते १२ ऑक्टोबर २०११ या काळात जन्मलेली मुले. आता ३ सप्टेंबर २००९ चा जन्म असलेली एक मुलगी घ्या. २३ ऑगस्टला ती मैदानावर उभी असेल तेव्हा पंधरा वर्षांचीच असेल, सोळावा वाढदिवस अजून अकरा दिवस लांब. तरीही ती या गटात बसत नाही, कारण १२ ऑक्टोबरला तिला सोळा पुरी झालेली असतील. तिचा गट १८ वर्षांखालील. माझ्या कात्रणातल्या मुलीचेही नेमके असेच झाले होते. साल वेगळे, तारखा वेगळ्या, पण अडचण हीच.

दुसरे एक मूल घ्या, जन्म २० डिसेंबर २०११. त्याच आधारदिवशी ते पावणेचौदा वर्षांचे असते, म्हणून संघटनेच्या स्पर्धेत ते १४ वर्षांखालील गटात बसते. शालेय स्पर्धेत मात्र ३१ डिसेंबरला त्याला चौदा पुरी झालेली असतात, म्हणून तिथे त्याला १७ वर्षांखालील गटात, आपल्यापेक्षा तीन-तीन वर्षांनी मोठ्या मुलांबरोबर उतरावे लागते. एकच मूल, एकच जिल्हा, कदाचित एकच मैदान, पण गटात एवढा फरक. डिसेंबरात जन्मलेल्या मुलांना शालेय स्पर्धेत हा तोटा होतोच. तो टाळता येत नाही, पण आधी माहीत असेल तर शिक्षक त्या मुलाला संघटनेच्या स्पर्धेत वेळेवर नेऊ शकतात.

संघटनेच्या गटाला खालचीही मर्यादा असते, आणि ती वाचायची पुष्कळांकडून राहून जाते. आपल्या उदाहरणात १४ वर्षांखालील गट १३ ऑक्टोबर २०११ ते १२ ऑक्टोबर २०१३ असा आहे. म्हणजे मूल निदान बारा वर्षांचे हवे. दहा वर्षांच्या चुणचुणीत मुलाला ‘चौदाखाली’ म्हणून आणले तर तेही परत जाते. शिवाय या सर्वांत लहान गटात महासंघाने आता सुट्या शर्यतींऐवजी मुख्यतः तीन प्रकारांचा संच ठेवला आहे, ज्याला ट्रायथलॉन म्हणतात. ६० मीटर धाव आणि लांब उडी सर्वांना, आणि तिसरा प्रकार गटानुसार: उंच उडी, पाठीमागे गोळाफेक किंवा ६०० मीटर धाव. कोवळ्या वयात मुलाला एकाच प्रकाराला जुंपू नये, त्याला धावता, उडी मारता आणि फेकता यावे, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण पत्रकात हे लिहिलेले नसेल तर वर्षभर नुसत्या १०० मीटरचा सराव केलेले मूल मैदानावर येऊन गोंधळून जाते.

गट बदलला की फक्त प्रतिस्पर्धी बदलतात असे नाही, हातातली वस्तूही बदलते. १८ वर्षांखालील मुलांचा गोळा ५ किलोचा, २० वर्षांखालील मुलांचा ६ किलोचा आणि खुल्या गटातल्या पुरुषांचा ७.२६ किलोचा असतो. मुलींसाठी १८ वर्षांखाली ३ किलो, त्यापुढे ४ किलो. भाल्याचेही तसेच: १८ वर्षांखालील मुलगे ७०० ग्रॅमचा भाला फेकतात, त्यापुढे ८०० ग्रॅमचा. मुलींचा ५०० ग्रॅमचा असतो, तो पुढे ६०० ग्रॅमचा होतो. जन्मतारीख चार दिवसांनी चुकीच्या बाजूला पडली आणि ते मैदानावर कळले, तर ज्या वजनाला हात सरावलाच नाही ते वजन मुलाला फेकावे लागते. गोळाफेकीत एक किलोचा फरक किती जाणवतो, ते फेकणाऱ्याला विचारा.

जन्मतारीख ठरली तरी ती सिद्ध करावी लागते, आणि खेड्यातल्या मुलांचे पाय अडकतात ते इथे. पत्रकात ‘जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचे बोनाफाइड’ असे तीन शब्द एका दमात लिहिलेले असतात. टेबलावर तिन्ही कागद एकमेकांशी ताडून पाहतात. आपल्याकडे एका पिढीचे वाढदिवस १ जूनला येतात ते शाळाप्रवेशाच्या वेळी गुरुजींनी सोयीने तारीख लिहिल्यामुळे. आता जन्मनोंदणी बरीच सुधारली आहे, तरी ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर एक तारीख आणि शाळेच्या रजिस्टरवर दुसरी, असे अजूनही सापडते. नावातही घोळ असतो, एका कागदावर वडिलांचे नाव आहे तर दुसऱ्यावर नाही, कुठे आडनावाचे स्पेलिंग वेगळे. टेबलावर बसलेला माणूस हे दुरुस्त करू शकत नाही. तो फक्त थांबवू शकतो. दुरुस्ती ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा शाळेत करावी लागते आणि तिला दोन-चार दिवस नव्हे, कधी कधी आठवडे लागतात. म्हणून मूल पळायला लागले की स्पर्धेची वाट न पाहता तिन्ही कागद शेजारी ठेवून एकदा वाचावेत. याच कागदांवरून महासंघाच्या संकेतस्थळावर खेळाडूची नोंदणी होऊन त्याला स्वतःचा क्रमांक मिळतो. पत्रकात ‘यूआयडी आवश्यक’ असे लिहितात ते या क्रमांकाबद्दल, आधारबद्दल नव्हे. तोही आदल्या रात्री मिळेल या भरवशावर राहू नये.

एवढी कसून तपासणी का, असे पालक रागाने विचारतात. कारण वय लपवून खालच्या गटात उतरणे हा आपल्या मैदानांवरचा जुना रोग आहे. सतरा वर्षांचा मुलगा चौदाखाली पळाला तर पदक त्याचे होते, आणि खऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला वाटते की आपल्यात दमच नाही. केंद्र सरकारने २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणली. राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धांत डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय अजमावतात. या पद्धतीला टीडब्ल्यू-थ्री म्हणतात. हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग वय वाढेल तसा भरत जातो आणि शेवटी सांधला जातो, त्याच्या टप्प्यांवरून हा अंदाज करतात. त्यातून जन्माची तारीख कळत नाही. कळते ते हाडांचे वय, आणि ते खऱ्या वयाच्या थोडे पुढे-मागे असू शकते. पण कागदावर तेरा आणि हाडांत सतरा, असे असेल तर ते लपत नाही. जिल्ह्याच्या मैदानावर हे यंत्र नसते. तिथे पंचांच्या हातात कागदच असतात, म्हणून ते कागदाला चिकटून राहतात.

शेवटच्या तारखेबद्दल लोकांचा समज असा की ती कार्यालयाची अडवणूक आहे. मीही एकेकाळी तसेच समजत होतो. मग एका अनुभवी पंचांनी मला त्यामागचा हिशोब कागदावर मांडून दाखवला. १६ वर्षांखालील मुलांच्या १०० मीटरला साठ नावे आली असे धरा. सिंथेटिक ट्रॅकवर आठ लेन असतील तर साठ मुलांच्या आठ फेऱ्या होतात. मुलांना लेनमध्ये उभे करणे, नाव-नंबर ताडणे, सुटका, वेळ टिपणे, असे एका फेरीला पाच मिनिटे धरली तरी नुसत्या पहिल्या टप्प्याला चाळीस मिनिटे लागतात. मातीच्या मैदानावर चुन्याने सहाच लेन आखलेल्या असतील तर फेऱ्या दहा आणि वेळ पन्नास मिनिटे. त्यात ऐनवेळी दहा मुले वाढली की फेऱ्या बारा होतात आणि मिनिटे साठ. हे एका गटाचे, एका शर्यतीचे झाले. मुले-मुली आणि चार वयोगट धरले तर नुसत्या १०० मीटरचेच आठ संच होतात.

लांब उडीचा हिशोब याहून कठीण. चाळीस जण असतील तर प्रत्येकाच्या तीन उड्या, म्हणजे एकशेवीस उड्या. नियमाने प्रत्येक उडीला एक मिनिट मिळते. माप घेणे आणि वाळू सारखी करणे त्यातच धरले, तरी दोन तास गेले. मग पहिल्या आठ जणांना आणखी तीन-तीन उड्या, म्हणजे चोवीस उड्या आणि जवळजवळ अर्धा तास. खड्डा एकच असेल तर मुलींची उडी आणि तिहेरी उडीही त्याच खड्ड्यावर. किती नावे आली हे तीन-चार दिवस आधी कळले नाही तर वेळापत्रक आखताच येत नाही, आणि न आखलेल्या वेळापत्रकात सर्वांत जास्त भाजतात ती लांब पल्ल्याची मुले. ५००० मीटर सकाळी साडेसहाला ठेवतात ते उन्हामुळे. पहिल्या शर्यतीला ऐनवेळच्या नावांमुळे उशीर झाला आणि पुढचे सगळे सरकत गेले, तर ३००० मीटर भर दुपारी बाराला पळवलेले मी पाहिले आहे. त्या दिवशी दोन मुली चक्कर येऊन पडल्या.

पत्रकातले ‘सकाळी सात वाजता हजर राहावे’ हेही नीट समजून घ्यावे. सात ही शर्यतीची वेळ नसते. त्या वेळेला कागद दाखवून छातीवरचा क्रमांक घ्यायचा असतो. शर्यतीआधी साधारण अर्धा तास ध्वनिक्षेपकावरून हाक येते आणि खेळाडूने कॉल रूममध्ये, म्हणजे बहुतेक ठिकाणी एखाद्या मंडपाच्या कोपऱ्यात, जाऊन हजेरी द्यायची असते. शेवटची हाक संपल्यावर आलेल्याला सहसा घेत नाहीत. बाहेरगावचे मूल प्रसाधनगृह शोधायला गेले किंवा चहाच्या टपरीवर थांबले आणि हाक चुकली, असे दर स्पर्धेत घडते. दोन प्रकार एकाच वेळी आले तर घाबरू नये. समजा लांब उडी चालू आहे आणि त्याच वेळी १०० मीटरची हाक आली, तर आधी उडीच्या पंचांकडे जाऊन सांगावे. त्या फेरीत क्रम बदलून उडी घेऊ देण्याची सोय नियमात आहे. न सांगता निघून गेल्यास तुमच्या नावाची वेळ आली की ती उडी सोडली असे धरतात. हे शिक्षकांनी मुलांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.

ठिकाणाच्या ओळीत पत्रके सहसा संकुलाचे नुसते नाव देतात. त्यात ट्रॅक कसला आहे, हा एक शब्द घालायला हवा. सिंथेटिक ट्रॅकवर बुटांच्या खिळ्यांची लांबी ९ मिलिमीटरपर्यंत चालते, उंच उडी आणि भालाफेकीला १२ पर्यंत. मातीच्या मैदानावर त्याहून लांब खिळे चालतात आणि लागतातही. मातीवर सराव केलेले मूल तेच बूट घेऊन सिंथेटिकवर आले तर कॉल रूममध्येच ते उतरवावे लागतात, आणि मग रडू येते. त्याहून महत्त्वाची एक गोष्ट मी आजवर कोणत्याही पत्रकात छापलेली पाहिली नाही. मैदानी स्पर्धेच्या नियमांनुसार खेळाडू अनवाणी धावू शकतो. बूट नाहीत म्हणून कोणालाही अपात्र ठरवता येत नाही. बूट नाहीत म्हणून स्पर्धेलाच न आलेली मुले मला माहीत आहेत.

आणखी एक. या स्पर्धेचे प्रमाणपत्र पुढे फाइलमध्ये जाते. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी असो की सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी, कोणत्या स्पर्धेचे, कोणत्या पातळीचे आणि कोणत्या क्रमांकाचे प्रमाणपत्र चालते याचे नियम शासन निर्णयांत ठरलेले आहेत. जिल्ह्यात पहिला आला म्हणजे सगळे मिळाले, असा समज करून घेऊ नये. क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन आपल्या प्रमाणपत्राचे काय ते विचारावे. मात्र प्रवेशिकेवर नाव जसे लिहाल तसेच ते प्रमाणपत्रावर उतरते. ते जन्मदाखल्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे.

तर मग पत्रक कसे असावे? माझ्यापुढे आज ते आले आणि जागा फक्त दहा ओळींची असेल, तर मी असे छापीन:

“अमुक जिल्हा अ‍ॅथलेटिक्स संघटनेची जिल्हा अजिंक्यपद मैदानी स्पर्धा शनिवार, २३ आणि रविवार, २४ ऑगस्ट २०२५ रोजी जिल्हा क्रीडा संकुलाच्या सिंथेटिक ट्रॅकवर. प्रवेशिका मंगळवार, १९ ऑगस्टच्या सायंकाळी पाचपर्यंतच. स्पर्धेच्या दिवशी नावे घेतली जाणार नाहीत. जन्मतारखा (दोन्ही दिवस धरून): १४ वर्षांखालील, १३ ऑक्टोबर २०११ ते १२ ऑक्टोबर २०१३, १६ वर्षांखालील, १३ ऑक्टोबर २००९ ते १२ ऑक्टोबर २०११, १८ वर्षांखालील, १३ ऑक्टोबर २००७ ते १२ ऑक्टोबर २००९, २० वर्षांखालील, १३ ऑक्टोबर २००५ ते १२ ऑक्टोबर २००७. मूळ जन्मदाखला, आधार कार्ड आणि महासंघाचा नोंदणी क्रमांक सोबत आणावा. १४ वर्षांखालील गटात ट्रायथलॉन. सकाळी सहापासून क्रमांकवाटप, पहिली शर्यत साडेसहाला. स्पर्धेतून राज्य स्पर्धेसाठी संघ निवडला जाईल. बूट नसलेल्या खेळाडूंनाही धावता येईल.”

यात एकाही मान्यवराचे नाव नाही. ती नावे उद्‌घाटनाच्या दुसऱ्या दिवशीच्या बातमीत, छायाचित्रासह, खुशाल यावीत. ‘दोन्ही दिवस धरून’ हे शब्द मात्र कापू नयेत. ‘२००९ नंतर जन्मलेले’ असे लिहिले की २००९ सालची मुले त्यात आली की नाही, यावर टेबलावर वाद होतो. तो मी अनेकदा ऐकला आहे, आणि त्यात हरते ते मूलच.

पत्रक पाठवण्याची वेळही तितकीच महत्त्वाची. बातमी गुरुवारी छापून आली आणि मुदत मंगळवारची असेल, तर वाडीवरच्या मुलाच्या हाती काय उरते पाहा. शुक्रवारी कोणीतरी त्याला बातमी दाखवते. शनिवारी अर्धा दिवस शाळा, मुख्याध्यापक बैठकीला गेलेले. रविवार सुट्टीचा. सोमवारी बोनाफाइडवर सही मिळते, आणि मंगळवारी तालुक्याची एसटी पकडून पाचच्या आत जिल्ह्याला पोहोचायचे. शहरातल्या क्लबच्या मुलाला हे सगळे आठवडाभर आधीच प्रशिक्षकाच्या मोबाइलवर कळलेले असते. मुदतीच्या आधी निदान पंधरा दिवस पत्रक वर्तमानपत्रांकडे आणि प्रत्येक शाळेकडे गेलेच पाहिजे. याहून कमी दिवस दिले तर ती स्पर्धा फक्त शहराची होते, जिल्ह्याची नाही.

संघटनेच्या सचिवांना माझी विनंती आहे की जन्मतारखा आणि शेवटची मुदत पहिल्या तीन ओळींत लिहा. क्रीडा पानावर बसलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगणे आहे की जागा कमी पडली तर या बातमीतली नावे कापा, तारखा कापू नका. आणि ज्यांच्या शाळेत हे पत्रक पोहोचेल त्या शिक्षकांनी ते नुसते फलकावर लावून ठेवू नये. परिपाठाच्या वेळी जन्मतारखांची ओळ दोनदा, सावकाश वाचून दाखवावी. रांगेत उभी असलेली मुले आपापली तारीख मनात मोजतील.